दह्याला पाणी सुटलं, कडू लागलं, गुलाबी पडलं: काय खायचं, काय टाकायचं

मे महिन्यात एका सकाळी भाच्याचा फोन आला. "मावशी, दही परत कडू झालंय. तिसऱ्यांदा. आता पातेलं बदलू का?" तो हिंजवडीत दोन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो, आणि कँटीनमधलं दही आवडत नाही म्हणून घरीच विरजायला लागला होता. पातेल्याचा काही दोष नव्हता. पण दोष कशाचा होता ते शोधायला आम्हाला चार दिवस लागले, आणि माझाही अंदाज चुकला. ती हकीकत पुढे येईलच. आधी दही नीट लागतं कसं ते बघू, कारण बिघडलेल्या दह्याचा माग बहुतेक वेळा विरजण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जातो.

आधी नीट लागलेलं दही

अर्धा लिटर फुल क्रीम दूध घ्या. पिशवीवर फॅट ६ टक्के लिहिलेलं असतं ते. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के असतं आणि घट्टपणा देणारा बाकीचा ऐवजही थोडा कमी, त्यामुळे त्याचं दही सैलच लागतं. ते बिघडलेलं नसतं, त्याची जातच तशी.

पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, मग उकळायचं कशाला, असं नवीन मंडळी विचारतात. उकळायचं ते फक्त जंतू मारायला नव्हे. दूध चांगलं तापलं की त्यातली एरवी पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडतात आणि दही लागताना मुख्य प्रथिनाच्या जाळीला चिकटतात. मग ती जाळी पाणी धरून ठेवते. नुसती पहिली उकळी आणून गॅस बंद केला तर हे काम अर्धवट राहतं. म्हणून उकळी आल्यावर आच मंद करा आणि आणखी आठ-दहा मिनिटं ढवळत राहा. खाली लागू द्यायचं नाही.

आता निवू द्या. थर्मामीटर असेल तर ४० ते ४३ अंश. नसेल तर हात स्वच्छ धुऊन करंगळी बुडवा आणि दहापर्यंत मोजा. ऊब जाणवली पाहिजे, बोट काढून घ्यावंसं वाटता कामा नये. मोजता मोजता सहाला बोट बाहेर आलं तर दूध अजून गरम आहे.

विरजण उन्हाळ्यात एक सपाट चहाचा चमचा, थंडीत दोन. ते वाटीत दोन चमचे कोमट दुधात मोडून घ्या, मग पातेल्यात घालून हलक्या हाताने सगळीकडे फिरवा. झाकण ठेवा आणि पातेलं अशा जागी ठेवा की सकाळपर्यंत कुणाचा धक्का लागणार नाही. मे महिन्यात पाच-सहा तासांत लागतं, पुण्याच्या डिसेंबरात आठ-दहा तास धरा. थंडीत मी पातेलं जुन्या शालीत गुंडाळून गव्हाच्या डब्याशेजारी ठेवते. सासूबाई गव्हाच्या आतच ठेवायच्या.

लागलंय की नाही हे बघायला चमचा घालू नका. पातेलं किंचित तिरकं करा. दही एकसंध राहून कडेपासून अलगद सुटलं की झालं. लगेच फ्रिजमध्ये, आणि पहिले दोन-तीन तास त्याला हात लावायचा नाही. थंड झाल्यावर ते आणखी घट्ट बसतं आणि सुरीने कापावं तशी कवडी निघते.

पाणी सुटलेलं आणि लागलंच नाही, यात फरक आहे

"दही पाणीदार झालं" असं म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. एकात दही घट्ट असतं आणि त्याच्यावर किंवा चमच्याने केलेल्या खळग्यात हिरवट-पिवळसर पाणी साठलेलं असतं. ती निवळ. ती बिघडल्याची खूण नव्हे. तिचा हिरवट-पिवळा रंग दुधातल्या एका ब जीवनसत्त्वाचा. दही मोडलं की जाळी तुटते आणि तिने धरलेलं पाणी बाहेर येतं, एवढंच. ढवळून टाका, किंवा काढून कणकेत घाला. तसं मळलेल्या पोळ्या मऊ होतात.

मात्र दही मोडायच्या आधीच वर बोटभर पाणी तरंगत असेल आणि खाली दही रवाळ झालं असेल, तर काहीतरी चुकलंय. बहुतेकदा दूध जास्त गरम असताना विरजण पडलेलं असतं, नाहीतर लागलेलं दही उन्हाळ्यात बाहेर तसंच राहिलेलं असतं. दही लागलं म्हणून आंबणं काही थांबत नाही. आंबटपणा वाढत जातो तशी जाळी आवळते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. विरजण जास्त घातलं तरी हेच होतं. लवकर आणि घट्ट लागावं म्हणून अर्धी वाटी विरजण ओतणारे घरोघरी असतात. त्यांचं दही लवकर लागतं खरं, पण आंबट आणि पाणी सुटलेलं. हे खायला चालतं. कढी करा.

दुसऱ्या प्रकारात पातेल्यात दाटसर दूधच असतं, दही नसतंच. आठ तासांनी निदान अर्धवट लागलं असेल, कडेला थरथरणारा थर दिसत असेल, आणि वासाला स्वच्छ आंबटपणा असेल, तर पातेलं कोमट पाण्याच्या परातीत दोन तास ठेवून बघा. थंडीत हे हमखास जमतं. पण रात्रभर कोमट राहूनही दूध जसंच्या तसं असेल, आंबटपणाचा मागमूस नसेल, तर त्यात नवं विरजण घालून दुसरी रात्र काढू नका. दह्याला राखणारी गोष्ट म्हणजे त्याचा आंबटपणा. तो तयारच झाला नाही, तर कोमट दुधात रात्रभर काय वाढलं ते चवीवरून कळत नाही. ओतून द्या. अर्धा लिटर दुधासाठी जीव हळहळतो, पण ओतूनच द्या.

कडू दह्याचा माग

आता भाच्याची गोष्ट. त्याने फोनवर सांगितलं की दही घट्ट लागतंय, आंबटही बेताचं आहे, पण घास गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा राहतो. दुसऱ्या दिवशी तो वाढतो.

मी पहिल्यांदा विचारलं, भांडं कशाचं? पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असेल तर आंबट पदार्थ त्यात कळकतो. दही कळकलं तर ते ओशट-तुरट, धातूसारखं लागतं, कडेला हिरवट झाक दिसते. असं दही टाकायचंच, कारण त्यात तांबं उतरलेलं असतं. पण याचं पातेलं स्टीलचं होतं.

मग मी विरजणावर बोट ठेवलं. त्याचं विरजण आठ-नऊ दिवसांचं, त्याच डब्यातून पुन्हा पुन्हा काढलेलं. "हेच ते," मी ठामपणे सांगितलं. "शेजारच्यांकडून ताजं विरजण आण." त्याने आणलं. पुढचं दही पुन्हा कडू.

तेव्हा मी त्याला तीन वाट्या लावायला सांगितल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चोर सापडतो. पहिल्या वाटीत त्या दिवशी फोडलेल्या पिशवीचं दूध आणि शेजारचं विरजण. दुसरीत तेच ताजं दूध आणि त्याचं जुनं विरजण. तिसरीत तो रोज वापरतो ते फ्रिजमधलं दूध आणि शेजारचं विरजण. तिन्ही दुधं सारखीच उकळून, सारखीच निववून, एकाच ओट्यावर शेजारी शेजारी. वाट्यांवर पट्ट्या चिकटवायला सांगितलं, कारण सकाळी कुठली कोणती हे आठवत नाही.

पहिली वाटी उत्तम. दुसरी जरा जास्त आंबट आणि सैल, पण कडू नाही. तिसरी सकाळी किंचित कडवट आणि संध्याकाळपर्यंत तोंडात धरवेना. म्हणजे जुनं विरजण आळशी होतं, पण कडूपणा दुधातून येत होता.

मग खरी गोष्ट बाहेर आली. तिघांचा मिळून फ्रिजच्या दारात दुधाचा एक जग. पिशवी फोडली की दूध त्या जगात ओतायचं, तेही न उकळता. कॉफीला, कॉर्नफ्लेक्सला जग बाहेर, परत आत. तळाशी थोडं उरलेलं असतानाच नवी पिशवी वर ओतायची. जग शेवटचा रिकामा करून धुतला कधी, हे तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.

थंडीतही सावकाश वाढणारे काही जंतू असतात. फ्रिजमध्ये ते मरत नाहीत. ते दुधात प्रथिनं तोडणारी विकरं सोडतात. पुढे दूध उकळलं की जंतू मरतात, पण ही विकरं चिवट असतात, उकळी सोसूनही त्यातली काही कामाला लागतात. प्रथिनांचे जे बारीक तुकडे होतात त्यातले कित्येक चवीला कडू असतात. म्हणून दूध फाटत नाही, वास येत नाही, दही घट्ट लागतं, आणि तरी कडू. आणि म्हणून रोज नवं विरजण आणलं तरी फरक पडत नाही.

उपाय अगदी साधा निघाला. पिशवी आणल्या दिवशीच पूर्ण दूध उकळायचं आणि दह्याचा वाटा त्याच रात्री विरजायचा. कॉफीचं दूध वेगळ्या भांड्यात. जुन्यावर नवं ओतायचं नाही. फ्रिजचं दार ही सगळ्यात कमी थंड जागा, दूध तिथे ठेवायचं नाही. त्या आठवड्यानंतर त्याच्या दह्याची तक्रार आली नाही. जग आता फुलदाणी झालाय म्हणे.

कडूपणाचं दुसरं कारण म्हणजे दही स्वतःच जुनं होणं. दहा-बारा दिवसांच्या दह्यात हीच प्रथिनं तुटण्याची क्रिया सावकाश चालू असते, सोबत यीस्टही वाढतं. तेव्हा कडूपणाबरोबर दारूसारखा किंवा फळं सडल्यासारखा वास येतो आणि कधी बारीक बुडबुडे दिसतात. बुडबुडे आलेलं, फुगून झाकण उचललेलं दही चव बघण्याच्याही लायकीचं नाही.

कडू दही साखर घालून, फोडणी देऊन, कढी करून सुधारत नाही. उलट बेसनाबरोबर ते जास्त कडू वाटतं, हा माझा अनुभव. टाका आणि त्यातलं विरजणही ठेवू नका.

तार सुटणाऱ्या दह्याबद्दल मात्र घाबरू नका. चमचा उचलला की भेंडीसारखं बुळबुळीत ताणलं जाणारं दही बरेचदा विरजणातल्या एखाद्या जातीच्या जंतूंमुळे होतं, आणि वास-चव ठीक असेल तर ते खाता येतं. पण कडू आणि तार दोन्ही एकदम असेल तर नको. विरजण बदला, काम भागतं.

गुलाबी रंग

इथे चर्चा नाही. दह्यावर, कडेला, झाकणाच्या आत किंवा सायीवर गुलाबी, लालसर किंवा नारिंगी ठिपका, रेघ किंवा चिकट थर दिसला की अख्खं दही जातं. न्हाणीघरात मोरीच्या कडेला जो गुलाबी बुळबुळीत थर येतो, त्याच मंडळींपैकी काही जंतू आणि काही गुलाबी रंगाचं यीस्ट ओलसर झाकणावरून, भांडी घासायच्या स्पंजवरून किंवा उष्ट्या चमच्यावरून दह्यात उतरतात. आपण घातलेल्या विरजणाचं हे काम नव्हे. काहीतरी बाहेरचं घुसलंय एवढं ते सांगतं.

"वरचं काढून टाकलं, खालचं पांढरंशुभ्र आहे" हा युक्तिवाद मी माझ्या सख्ख्या बहिणीकडून ऐकलाय. दही मऊ आणि ओलं असतं. रंग दिसतो तेवढ्याच जागी वाढ असते असं नाही, ती डोळ्याला न दिसता आतवर गेलेली असते. हिरवी, काळी किंवा पांढरी केसाळ बुरशी आली तरी नियम हाच.

हे सगळ्यात जास्त दिसतं ते सायीच्या डब्यात. रोजची साय विरजणात घालत जायची, आठ-पंधरा दिवसांनी घुसळून लोणी काढायचं. रोज झाकण उघडतं, रोज नवा चमचा आत जातो, साय कडेला चिकटून वाळते. पाऊस लागला की त्या वाळक्या कडेवर नेमका गुलाबी-नारिंगी ठिपका दिसतो. तूप कढवताना सगळं मरेलच, असं म्हणून बायका पुढे जातात. जंतू मरतात हे खरं, पण त्यांनी आधीच सोडलेलं सगळंच आचेने नाहीसं होतं असं नाही, आणि त्या तुपाला वास राहतो. मी आता बिनविरजणाची साय डब्यात भरून फ्रीझरमध्ये साठवते, आणि पुरेशी झाली की बाहेर काढून एकदम विरजते. लोणी तेवढंच निघतं.

एक गफलत मात्र टाळा. दूध बराच वेळ आटवलं असेल तर दह्याला सगळीकडे सारखी, फिकट बदामी झाक येते. कधी ती गुलाबीसरही वाटते. ती दही लागल्या क्षणापासून असते, वरपासून तळापर्यंत एकसारखी, आणि चव खरपूस दुधाची. बिघडलेला रंग नंतर उगवतो, ठिपक्यांनी किंवा कडेने. कालच्या बिटाच्या कोशिंबिरीचा चमचा आत गेला असेल तर तोही आठवून बघा. आठवत नसेल तर टाका.

गुलाबी दही फेकल्यावर भांडं आणि झाकण साबणाने घासा, झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवा, कारण घाण तिच्या खाचेत बसते. वरून उकळतं पाणी ओता आणि उन्हात कोरडं होऊ द्या. स्पंज बदला. विरजण दुसऱ्या घरून आणा, तेही कोरड्या वाटीत.

किती दिवस

दिवस मोजायचे ते दही लागल्यापासून, फ्रिजमध्ये ठेवल्यापासून नाही. फ्रिज खरंच ४ अंशांच्या आसपास असेल आणि चमचा दर वेळी कोरडा आणि स्वच्छ असेल, तर माझा हिशोब असा. पहिले दोन दिवस नुसतं खायला, दहीभाताला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोशिंबीर, ताक. पाचव्यापासून सातव्यापर्यंत कढी, ढोकळ्याचं पीठ, रव्याचा डोसा. आठवड्यानंतर माझ्या घरात दही राहत नाही, आणि राहिलं तर मी ते खात नाही. बाजारच्या बंद डब्यावरची तारीख बघून घरच्या दह्याला तेवढे दिवस देऊ नका. तो डबा यंत्राने भरून सीलबंद केलेला असतो आणि थंडीतच दुकानात पोचतो. तोही एकदा उघडला की घरच्यासारखाच.

पुढच्या दह्याचं विरजण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच काढा, तेही पातेल्याला इतर कुणाचा चमचा लागायच्या आधी. मी दही लागल्याबरोबर दोन चमचे छोट्या झाकणाच्या वाटीत बाजूला ठेवते. शेवटच्या तळाचं, आठवड्याभराचं विरजण म्हणजे भाच्याची दुसरी वाटी.

फ्रिजबाहेर ठेवायचं गणित ऋतूवर. लागलेलं दही उन्हाळ्यात तास-दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, विदर्भातल्या मे महिन्यात तर लागताक्षणी आत. पाच-सहा तास वीज गेली आणि फ्रिज उघडला नसेल, तर दही जास्त आंबट झालेलं असेल, त्या दिवशीच संपवा. पण दिवसभर वीज नव्हती आणि दही कोमट झालंय, तर मोह नको. डब्याला दही घेऊन जाणाऱ्यांनी सकाळचं दही दुपारी एकपर्यंत खावं. भातात कालवताना थोडं दूध घातलं तर ते कमी आंबतं, पण संध्याकाळसाठी ते राखून ठेवू नये.

घरात लहान बाळ, गरोदर बाई, खूप म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर त्यांना पहिल्या दोन दिवसांचंच द्या. शंका वाटलेलं दही आपण खाऊन बघू, असं म्हणणारेही असतात. कडूपणा तपासायला जिभेच्या टोकाला लावून थुंकणं ठीक आहे, तेही रंग आणि वास स्वच्छ असेल तरच. गुलाबीची चव कुणी बघायची नाही.